गेटवरचा मेसेज: उशिरा आलेली आणि न आलेली

मी नागपुरात मुलींच्या वसतिगृहाची वॉर्डन आहे. 140 मुली आहेत. काही अकरावी-बारावीच्या, नीटची तयारी करणाऱ्या; बाकीच्या इंजिनिअरिंग आणि फार्मसीच्या. आमची वेळ रात्री 10 ची. संस्थेनं आता गेटवर कार्डाचं मशीन बसवलंय. 10 नंतर कार्ड टेकवलं की घरी आपोआप मेसेज जाणार. पालक खूश आहेत. मोठ्या मुलींनी मात्र सह्यांचं पत्र दिलं, की आम्ही सज्ञान आहोत, आमच्या येण्याजाण्याचा हिशेब घरी कशाला? संस्था म्हणते, प्रवेश अर्जावर पालकांची सही आहे, विषय संपला. सोमवारी मला मुली आणि पालक दोघांना एकच सूचना पाठवायची आहे. हे सुरक्षेसाठी आहे हे मुलींना पटावं आणि पालकही नाराज होऊ नयेत, असं काय लिहू?

— एक वॉर्डन, नागपूर

मॅडम, सूचनेचा मजकूर खाली दिला आहे. पण तो लिहिण्याआधी मशीनचा नियम एकदा नीट वाचा. 10 नंतर कार्ड टेकवलं की मेसेज. म्हणजे मेसेज कोणाबद्दल जाणार? जी 10 वाजून 12 मिनिटांनी गेटच्या आत आली तिच्याबद्दल. ती सुखरूप आहे, तुमच्या डोळ्यांसमोर आहे. आणि जी आलीच नाही? तिनं कार्ड टेकवलंच नाही, म्हणून तिच्याबद्दल मशीन गप्प. गडचिरोलीतल्या आईला मुलगी पोचल्यावर "उशिरा आली" असं कळेल, आणि ज्या रात्री ती खरंच पोचली नाही त्या रात्री काहीच कळणार नाही. मुलींना हे सुरक्षेचं वाटत नाही, कारण आत्ता ते सुरक्षेचं नाहीच. ते शिस्तीचं आहे. शिस्त हवी असेल तर ती तुमच्या आणि मुलीच्या मधली गोष्ट आहे. लेट मार्क द्या, तिसऱ्यांदा झालं तर बोलवून विचारा. त्यासाठी घरचा फोन वाजायचं कारण नाही.

तेव्हा मशीन लावणाऱ्या कंपनीकडून पहिला बदल हा मागा: "उशिरा आली" आणि "आलेली नाही" या दोन वेगळ्या नोंदी असाव्यात. पहिली फक्त तुमच्या रजिस्टरला जाईल. घरी जायचीच तर दुसरी जाईल. "आलेली नाही" हे मशीनला कोणी सांगत नाही, ते हिशेबानं काढावं लागतं: ठरलेल्या वेळी ज्यांची शेवटची नोंद "बाहेर" आहे त्यांची यादी. यासाठी जातानाही कार्ड टेकवणं सक्तीचं हवं. बहुतेक ठिकाणी येतानाच टेकवतात, आणि मग ही यादी बनतच नाही.

बनली तरी ती जशीच्या तशी खरी मानू नका. समजा, 10 वाजता यादीत सात नावं आली. तीन मुली खोलीतच आहेत. मैत्रिणीनं कार्ड टेकवलं आणि या तिच्या मागोमाग आत शिरल्या, त्यामुळे मशीनच्या लेखी अजून बाहेरच. एक दुपारीच घरी गेली, गेटपास कागदावर आहे पण कॉम्प्युटरमध्ये चढवायचा राहिला. एकीला अभ्यासिकेसाठी 11 पर्यंतची परवानगी तुम्हीच दिली आहे. एक गोंदियाहून येणाऱ्या गाडीत आहे आणि गाडी कामठीजवळ उभी आहे. उरली एक, तिचा फोन लागत नाही. मेसेज आपोआप 10 वाजता सुटला असता तर सात घरांत घबराट झाली असती, त्यातल्या सहा घरांत विनाकारण. आणि दोन-चार वेळा असं झालं की पालक मेसेज वाचणं सोडून देतात. मग सातव्या मुलीच्या घरीही तो कोणी वाचत नाही.

म्हणून 10 वाजता मेसेज घरी नाही, आधी त्या सात मुलींच्या फोनवर जावा: "तुमची नोंद बाहेर दिसते आहे. आत असाल तर गेटवर कार्ड टेकवा, बाहेर असाल तर वॉर्डनला फोन करा." दहा मिनिटांत तीनचार नावं गळतात. उरलेल्यांना तुम्ही किंवा रात्रपाळीच्या मावशी फोन करा, मजल्यावर एक चक्कर मारा, खोलीतल्या दुसऱ्या मुलीला विचारा. गाडीतली मुलगी फोन उचलेल. तिच्या नावापुढे "गाडीत, साधारण साडेअकरा" असं लिहून ठेवा आणि साडेअकराला पुन्हा बघा. जिचा पत्ता लागत नाही तिला दहा मिनिटांनी पुन्हा फोन करा. 10:30 ला, कोणीतरी माणसानं बटण दाबल्यावरच, मेसेज घरी. म्हणजे "आपोआप" हा शब्द यादी बनवण्यापुरता ठेवा. पाठवण्याचा निर्णय माणसाचा. या अर्ध्या तासात काय करायचं ते रात्रीच्या ड्युटीवरच्या प्रत्येकाला पाठ असावं, कारण तुम्ही सुट्टीवर असाल तेव्हाच नेमकी वेळ येते. मुलगी घरीही नाही, मैत्रिणींनाही माहीत नाही असं निघालं, तर 112. तक्रारीसाठी चोवीस तास थांबावं लागतं ही निव्वळ गैरसमजूत आहे.

मशीन कुठं फसवतं तेही सांगायला हवं. पहिलं म्हणजे घड्याळ. रीडरचं घड्याळ सात मिनिटं पुढं गेलं की 9:55 ला आलेली मुलगी 10:02 ला आली असं दिसतं, आणि भांडण तुमच्याशी होतं. रीडर इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवतो का ते कंपनीला विचारा. जुळवत नसेल तर दर सोमवारी मोबाईलच्या घड्याळाशी ताडून बघा आणि तारखेसह सही करा. दुसरं आणि जास्त वाईट म्हणजे नेट जाणं. नेट गेलं की बरेचसे रीडर नोंदी स्वतःजवळ साठवतात आणि नेट आल्यावर एकदम पुढे ढकलतात. 9:40 ला आत आलेल्या मुलींच्या नोंदी मुख्य कॉम्प्युटरवर साडेअकराला पोचतात. तोवर त्या सगळ्या "बाहेर". यावर उपाय एकच: रीडर शेवटचा कधी बोलला हे सिस्टिमनं पाहावं आणि पाच मिनिटांहून जास्त शांत असेल तर सगळे मेसेज थांबवून तुम्हाला "आज वही वापरा" असं सांगावं. कंपनी म्हणेल, "मॅडम, असं होतच नाही." तेव्हा तुम्ही एक संध्याकाळ काढा. साडेनऊला रीडरची नेटची वायर उपसा, पाचसहा कार्डं टेकवा, आणि 10:10 ला काय घडतं ते त्यांच्या माणसासमोर बघा. वीज गेल्यावर रीडर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत का, तेही त्याच संध्याकाळी कळेल. राउटर राहून जातो.

नागपूरचे काही दिवस आधीच कॅलेंडरवर लाल करा. मारबतीच्या दिवशी इतवारी-महालात अडकलेली मुलगी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या गर्दीतली मुलगी, डिसेंबरात अधिवेशनाच्या मोर्च्यांमुळे सीताबर्डीवरून वळसा घालून येणारी मुलगी: या रात्री वेळ अर्धापाऊण तास पुढं ढकलून ठेवली तर यादी आपोआप लहान होते.

आता सहीचा प्रश्न, कारण मुलींच्या पत्रातला कणा तोच आहे. संस्था म्हणते पालकांची सही आहे. ती अकरावीच्या मुलीसाठी चालेल, फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीसाठी नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 नुसार 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची, पडताळता येईल अशी, संमती लागते. 18 पूर्ण झालेल्या व्यक्तीची माहिती तिची स्वतःची, तिची संमती तिनंच द्यायची. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतात. थोडक्यात, आज बसवलेलं मशीन त्याच चौकटीत चालणार आहे, तेव्हा फॉर्म आत्ताच नीट करून घेतलेला बरा. 18 वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत शाळा-कॉलेजांना शैक्षणिक कामासाठी आणि सुरक्षेसाठी लक्ष ठेवण्याची सवलत नियमांत आहे, पण ती तेवढ्यापुरतीच. उशिराच्या नोंदी काढून "ही मुलगी कोणाबरोबर फिरते" याचा तर्क लढवायला नव्हे.

संमती मोकळेपणानं दिलेली आणि कशासाठी ते स्पष्ट असलेली हवी, असं कायदा म्हणतो. "सही करा नाहीतर प्रवेश नाही" यात मोकळेपणा राहत नाही. म्हणून दोन गोष्टी सुट्या करा. गेटवर कोण आलं-गेलं याची नोंद ही इमारतीच्या सुरक्षेची गरज. ती सगळ्यांची राहील, आणि तसं स्पष्ट सांगा. "आलेली नाही" हे घरी कळवायचं का, आणि कोणाला, हे सज्ञान मुलगी निवडेल. आईला, मामाला, मोठ्या बहिणीला, नागपुरातल्या लोकल गार्डियनला, किंवा घरी कोणालाच नाही, फक्त वॉर्डनला. हा शेवटचा पर्याय पालकांना खटकेल, आणि तो काढून टाकण्याचा दबाव तुमच्यावर येईल. काढू नका. प्रत्येक घर सारखं नसतं. काही घरांत "उशिरा" या एका शब्दावर शिक्षण थांबतं किंवा स्थळं बघायला सुरुवात होते, आणि ती मुलगी तुम्हाला हे कधीच सांगणार नाही. तिच्यासाठी तो चौकोन तिथं असावा, आणि तो का निवडला हे तिला विचारलं जाऊ नये. ज्यांनी तो निवडला त्यांची आणीबाणीसाठीची एक व्यक्ती वेगळी लिहून घ्या. वैद्यकीय आणीबाणीत जीवाला धोका असेल तर संमतीची वाट न पाहता माहिती वापरायला कायदा परवानगी देतो.

तुमच्याकडे दोन्ही वयोगट एकाच गेटवरून जातात, तेव्हा जन्मतारखेप्रमाणे दोन याद्या ठेवा. बारावीच्या बऱ्याच मुली वर्षाच्या मध्येच 18 च्या होतात. वाढदिवसाच्या आठवड्यात नवा फॉर्म, आणि तोवर जुनी निवड.

मेसेजचा मजकूर जितका कोरडा तितका चांगला. कुठं होती, कोणाबरोबर होती, कितव्यांदा उशीर झाला, यातलं काहीही नको. फोन टेबलावर पडलेला असतो, वरचं वाक्य घरात कोणीही वाचतं. आडनावही नको. लिंक तर नकोच. लिंक असलेले मेसेज फसवणुकीचे असतात हे पालकांना आता कळलं आहे. असा साचा पुरतो:

```
____ रात्री ____ पर्यंत वसतिगृहात पोचलेली नाही. आम्ही संपर्क करत आहोत. वॉर्डन:
```

पहिल्या जागी नाव, दुसऱ्या जागी वेळ, आणि शेवटी तुमच्या ड्युटी फोनचा कायमचा क्रमांक आणि संस्थेचं छोटं नाव. हा साचा दूरसंचार कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर, म्हणजे संस्थांचे मेसेज नोंदवायच्या वेबसाइटवर, आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि मंजूर मजकुरात एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं तरी मेसेज वाटेत अडतो. फोन क्रमांकही तिथं नोंदवून घ्या, बदलत्या जागेत टाकू नका. वर्ग "सेवा" असाच निवडा; चुकून "जाहिरात" निवडलात तर रात्री 9 नंतर मेसेज जाणारच नाही, म्हणजे तुमच्या कामाच्या वेळीच नेमका बंद. देवनागरीत एका मेसेजमध्ये 70 खुणा बसतात, आणि काना, मात्रा, हलन्त प्रत्येक वेगळी मोजली जाते. "रात्री" दिसायला दोन अक्षरं, मोजायला सहा. वरचा मजकूर, नाव "कावेरी" आणि वेळ "10:30" धरून, फोन क्रमांकासह 92 होतो. म्हणजे दोन मेसेजचे पैसे. त्या दोनांत मिळून 134 बसतात, तेव्हा संस्थेच्या नावाला जागा उरते.

नंबर दर सहा महिन्यांनी तपासा. बंद झालेला मोबाईल नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला दिला जातो, आणि मग तुमच्या मुलीचं नाव आणि "पोचलेली नाही" हे वाक्य भलत्याच माणसाच्या हातात पडतं. एक साधा चाचणी मेसेज पाठवा, आणि मुलीनंच सांगावं की तो पोचला. भामरागड-एटापल्लीकडे रेंजची अडचण असते, तिथल्या मुलींना दुसरा नंबर विचारून ठेवा. आणि कृपा करून या सूचना पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एका मुलीचं नाव 139 घरांत जातं.

नोंदी कोण पाहतं, हे मशीनपेक्षा महत्त्वाचं. गेटवरच्या काकांच्या पडद्यावर फोटो आणि हिरवा-लाल दिवा एवढंच हवं. मागच्या महिन्याचा इतिहास नको. तो पडदा रांगेकडे तोंड करून लावलेला असतो, तो वळवा. पासवर्ड तुमचा वेगळा, मावशींचा वेगळा. सगळ्यांचा एकच असेल तर कोणी काय पाहिलं ते कधीच कळत नाही. रोजच्या यादीतून 30 दिवसांनी नोंद उतरवा. नियमांत नोंदी किमान एक वर्ष राखण्याची तरतूद आहे, तेव्हा ती जुनी माहिती बंद कप्प्यात ठेवा, तुमच्याशिवाय आणखी एकाच व्यक्तीला उघडता येईल अशी, आणि वर्ष झालं की पुसून टाका. कार्डाचं मशीन निवडलं हे चांगलं केलं. पुढं कंपनी चेहरा ओळखणारं विकायला येईल तेव्हा लक्षात ठेवा, हरवलेलं कार्ड बदलून मिळतं, चेहरा मिळत नाही. तसंच "लाइव्ह लोकेशन" वालं ॲपही नम्रपणे परत करा.

आता सूचना. एकच मजकूर दोघांना पाठवायचा हे तुमचं बरोबर आहे. मुलींना एक आणि पालकांना दुसरं सांगितलं की आठवड्यात दोन्ही कागद शेजारी ठेवले जातात.

> सर्व विद्यार्थिनी आणि पालकांना,
>
> गेटवर आता कार्डानं नोंद होईल. जाताना आणि येताना दोन्ही वेळा कार्ड टेकवावं. नोंदीत फक्त नाव, वेळ आणि आत-बाहेर एवढंच असतं. मुली बाहेर कुठं जातात याची नोंद आम्ही घेत नाही.
>
> रात्री 10 नंतर आलेल्या मुलीची नोंद वॉर्डनकडे राहील. ती घरी कळवली जाणार नाही.
>
> रात्री 10 पर्यंत न आलेल्या मुलीशी आम्ही आधी स्वतः संपर्क करू. 10:30 पर्यंत संपर्क झाला नाही तर तिच्यासाठी नोंदवलेल्या व्यक्तीला मेसेज आणि फोन जाईल. गाडी उशिरा आहे किंवा परवानगी घेतली आहे, असं असेल तर मेसेज जाणार नाही.
>
> 18 वर्षांखालील मुलींसाठी ही व्यक्ती पालक ठरवतील. 18 पूर्ण झालेल्या मुली ती स्वतः ठरवतील. निवड कधीही बदलता येईल. वॉर्डनला लिहून द्यावं, कारण सांगावं लागणार नाही.
>
> नोंदी वॉर्डन, रात्रपाळीच्या मावशी आणि संस्थेनं नेमलेली एक व्यक्ती एवढेच पाहू शकतात. 30 दिवसांनी त्या रोजच्या यादीतून काढल्या जातील, वर्षानं पुसल्या जातील. आपली स्वतःची नोंद कोणतीही मुलगी मागून पाहू शकते. चूक आढळली तर तीन दिवसांत दुरुस्त करू.
>
> मशीन बंद असेल त्या रात्री वहीत सही होईल आणि आपोआप कोणतीही यादी बनणार नाही.

पालक विचारतील, "उशिरा आली तर आम्हाला का नाही कळवणार?" त्यांना सांगा, मुलगी पोचली नाही आणि तिचा पत्ता लागला नाही तर अर्ध्या तासात तिच्यासाठी नोंदवलेल्या व्यक्तीचा फोन वाजेल, आणि वाजला तर तो खराच असेल. ज्या मुलीनं घरी न कळवण्याचा पर्याय घेतला आहे तिच्या पालकांनी फोन करून विचारलं, तर खोटं बोलू नका, पण तपशीलही देऊ नका: "ती सुखरूप आहे, तिला तुम्हाला फोन करायला सांगते."

सोमवारी सूचना पाठवा, पण घरचे मेसेज सोमवारपासून सुरू करू नका. पहिले दोन आठवडे 10:30 ची यादी फक्त तुमच्या फोनवर येऊ द्या आणि रोज सकाळी वहीत दोन आकडे लिहा: यादीत किती नावं होती, आणि त्यातल्या किती मुली खरंच पोचल्या नव्हत्या. मागोमाग शिरणाऱ्या मुलींमुळेच यादी फुगत असेल तर गेट एका वेळी एकच जण जाईल असं अरुंद करा. गेटपास चढवायचे राहत असतील तर संध्याकाळी 7 ची वेळ त्या कामाला ठरवून द्या. सलग पाच रात्री यादीत एकही खोटं नाव आलं नाही, की मग घरचे मेसेज सुरू करा.